वर्षाअखेरी क्लायंटला थँक्यू नोट: काम मागायची ओळ कुठे आणि कशी घालायची

मी मॉड्युलर किचनची कामं करतो. पहिल्या वर्षी ३१ डिसेंबरला एक रंगीत बॅनर बनवून सगळ्यांना पाठवला, खाली ‘मित्राला सुचवा, २००० रुपये सूट मिळवा’. एकच रिप्लाय आला, एका ताईंचा: ‘माझा ड्रॉवर अजून अडकतोय.’

तेव्हापासून मी आधी यादी काढतो. वर्षभरातली सगळी कामं वहीत लिहायची आणि ज्यांची तक्रार बाकी आहे त्यांच्यापुढे फुली. त्यांच्याकडे आधी माणूस पाठवायचा, काम पूर्ण झालं की मगच नोट, नाहीतर जखमेवर मीठ. बाकीच्यांना २० ते २५ डिसेंबरच्या दरम्यान पाठवतो कारण ३१ ला फॉरवर्डच्या ढिगात कोण बघतंय. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत नाही, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही, शिवाय सगळ्यांना एकच मजकूर.

खरी मेहनत पहिल्या ओळीत आहे. ती अशी हवी की दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. सुचत नसेल तर साईटचे जुने फोटो उघडा, काहीतरी आठवतंच. एका काकूंना मी हे पाठवलं होतं:

‘नमस्कार काकू, मार्चमध्ये कुकरसाठी खालचा ड्रॉवर खोल हवाच म्हणून तुम्ही अडून बसला होतात, आता मी सगळीकडे तसाच करतो. काम दिलंत, वर आमच्या सुताराला रोज चहा पाजलात, मनापासून आभार. दारांच्या बिजागऱ्या सैल झाल्या असतील तर जानेवारीत येऊन टाईट करून देतो, पैसे नकोत. आणि हो, ओळखीत कुणी नवीन फ्लॅटचा ताबा घेत असेल तर माझा नंबर देऊन ठेवा.’

शेवटची ओळ बघा. ‘कुणी असेल तर सांगा’ एवढंच म्हटलं की समोरच्याला कुणीच आठवत नाही, ‘फ्लॅटचा ताबा’ म्हटलं की भाचा आठवतो. आणि भाच्याचा नंबर मागायचा नाही, आपला द्यायला सांगायचं, म्हणजे काकूंना अवघडल्यासारखं होत नाही. सूट किंवा कमिशन इथे आणू नका, आभार खोटे वाटायला लागतात. (सीए आणि वकिलांनी ही ओळ गाळायचीच, त्यांना असं काम मागायला नियमानेच मनाई आहे.)

रिप्लायमध्ये नुसता हात जोडलेला इमोजी आला तर तिथेच थांबा, आठवण करून देऊ नका. बिजागऱ्यांचं मात्र जानेवारीत खरंच जायचं, मी तारीख लगेच वहीत टाकतो.

आणि कुणाचा फोन आलाच तर काकूंना त्याच दिवशी कळवायचं. त्यांच्या भाच्याचं बजेट जमलं नाही, काम झालं नाही, तरी मी फोन केला. ‘बरं झालं सांगितलंस, मी उगाच त्याला विचारत बसले असते’, असं म्हणाल्या.