शेवटच्या फेरीत नकार आला, तर फीडबॅक असा मिळाला

जळगावात ठिबक सिंचनातल्या फील्ड ऑफिसरच्या जागेसाठी दोनदा शेवटच्या फेरीपर्यंत गेलो, दोनदा नकार. चोपड्याच्या एसटीत बसून नुसता चरफडलो.

पहिल्या वेळी एचआरला ‘मला का घेतलं नाही?’ असा मेल टाकला. उत्तर आलं नाही. त्या प्रश्नाला भांडणाचा वास येतो, आणि कारण लेखी द्यायला कंपनी बिचकते.

दुसऱ्या वेळी क्रम बदलला. त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न आणि माझी उत्तरं आठवतील तशी वहीत लिहिली. दोन दिवस थांबलो. मग मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरसाहेबांनाच चार ओळी पाठवल्या: निर्णय मान्य आहे, तो बदला असं म्हणत नाही, फक्त माझं सगळ्यात कच्चं उत्तर कोणतं ते पाच मिनिटं फोनवर सांगाल का?

फोन आला. “भाऊ, ड्रिपर चोंदलेत म्हटल्याबरोबर तू ॲसिड सोडायला निघालास. कशानं चोंदलेत, हे विचारलंच नाहीस.”

वही उघडली. खरंच, तीन उत्तरांत तीच घाई होती.

मग काकांच्या केळीच्या मळ्यात तेवढाच सराव केला: आधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब बघायचा, मग ड्रिपर उघडायचा. पांढरा थर ॲसिडच्या थेंबानं फसफसला तर क्षार, मग ॲसिड सोडायचं. बुळबुळीत शेवाळ असेल तर क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो.

तिसऱ्या मुलाखतीत असाच प्रश्न आला. मी आधी विचारलं, “साहेब, पाणी बोअरचं की पाटाचं?” पुढच्या सोमवारी रुजू होतोय.