गाडीच्या मागणीचा मंजुरीसाठीचा ईमेल

‘सर, मंगळवारी नाशिकला जायचंय, गाडी सांगू का?’ या निरोपावर मंजुरी अडते, कारण त्यात काम, परतीची तारीख आणि खर्च यांपैकी काहीच नसते. तोच मजकूर असा लिहावा:

‘विषय: पुणे–नाशिक प्रवासाच्या मंजुरीबाबत, 10 व 11 मार्च.

महोदय, सातपूर येथील ग्राहकाच्या यंत्राची तपासणी करण्यासाठी मी व एक सहकारी 10 मार्च रोजी सकाळी 6 वाजता निघून 11 मार्च रोजी रात्री परत येऊ. गाडीचे भाडे 8,400, चालक भत्ता 800 आणि टोल व पार्किंग सुमारे 800, असा एकूण अंदाजे 10,000 रुपये खर्च अपेक्षित आहे. कृपया 6 मार्चपर्यंत मंजुरी द्यावी.’

चूक बहुधा भाड्यात होते. जाऊन-येऊन अंतर साधारण 420 किलोमीटर भरते, परंतु बाहेरगावच्या गाडीला अनेकदा दररोज किमान 300 किलोमीटरची आकारणी असते; म्हणून 14 रुपये दर धरल्यास दोन दिवसांचे 600 किलोमीटरचे भाडे मांडावे लागते. ही किमान मर्यादा आधी विचारून घ्यावी आणि हिशेब ईमेलमध्येच लिहावा, म्हणजे बिल आल्यावर वाढीव रकमेसाठी पुन्हा मंजुरी मागावी लागत नाही.