पोशाखाचा नियम कसा लिहावा : मंगळसूत्र, पगडी, हिजाब, माळ आणि कामाची जागा

"उत्पादन विभागात दागिने, धार्मिक चिन्हे व फेटा-टोपी वापरू नयेत. पोशाख शालीन असावा. अपवाद व्यवस्थापनाच्या संमतीने."

मसाले आणि लोणची भरणाऱ्या एका कारखान्यातली ही जुनी पाटी. तिथे साधारण ९० माणसे कामाला, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. नियमावली नव्याने लिहून द्यायला मला बोलावले, तेव्हा तक्रार एवढीच होती की नियम कुणी पाळत नाही. आठवडाभर पाळ्यांवर बसून पाहिले तेव्हा दिसले की नियम पाळला जात होता, पण ज्याच्यावर सुपरवायझरची नजर पडेल त्याच्यापुरताच. मुकादमाच्या गळ्यातली तुळशीची माळ कुणाला खटकत नव्हती. पॅकिंगच्या टेबलावरच्या मुलीचा हिजाब मात्र रोज खटकत होता. हा कारखाना डोळ्यांसमोर ठेवूनच नियम कसा लिहायचा ते सांगते.

पहिली पायरी : वस्तूंची यादी बाजूला ठेवा, धोक्याची यादी करा

बहुतेक जण वस्तूंची नावे लिहायला बसतात आणि तिथेच चुकतात. यादीत जे नाव आले त्या माणसाला वाटते की आपल्यालाच वगळले. जे नाव राहून गेले ते आपोआप चालते. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या सूचनेत हिजाब, टोपी, बॅज अशी नावे घेऊन बंदी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भागाला अंतरिम स्थगिती दिली, आणि सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलेच की मग टिळा किंवा टिकली लावणाऱ्यांना तुम्ही अडवणार का. तो प्रश्न आपण लिहितानाच स्वतःला विचारावा.

म्हणून कागदावर जागा लिहा आणि प्रत्येक जागेपुढे तिथे नेमके काय बिघडू शकते ते लिहा. आमच्या कारखान्यात उघड्या मालात तीन गोष्टी पडण्याची भीती होती: केस, काच आणि सुटे तुकडे. दळणयंत्र आणि पट्ट्याजवळ काहीतरी अडकून ओढले जाण्याची भीती. हात मनगटाच्या वरपर्यंत धुता न येणे हा पाचवा मुद्दा. गोदामात यातले काहीच नव्हते, तिथे फक्त पायांना जपायचे होते. कार्यालयात तर तेही नव्हते. जिथे धोका नाही तिथे नियमाचे वाक्यही नको.

कारणाला एवढे महत्त्व का, हे एका युरोपीय निकालावरून चांगले कळते. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवरील एका कर्मचारी महिलेला गळ्यातला छोटा क्रूस दिसू देऊ नये असे सांगितले गेले होते. इंग्लंडमधल्याच एका रुग्णालयातल्या परिचारिकेलाही साखळीतला क्रूस काढायला सांगितला होता. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये एकाच निकालपत्रात पहिलीच्या बाजूने निकाल दिला आणि दुसरीच्या विरोधात. विमान कंपनीला आपली छबी जपायची होती, आणि तेवढे कारण पुरले नाही. वॉर्डात मात्र रुग्ण साखळी धरून ओढू शकतो, ती उघड्या जखमेला लागू शकते. वस्तू एकच असूनही निकाल जागेमुळे बदलला. आपल्या नियमाच्या प्रत्येक ओळीपुढे असे वॉर्डातले कारण लिहिता आले पाहिजे. नाही आले तर ती ओळ खोडायची.

दुसरी पायरी : डोळ्याने तपासता येईल असाच शब्द वापरा

"शालीन", "साजेसा", "भडक नसलेला" हे शब्द भांडणे लावतात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढले होते. त्यातल्या जीन्स आणि टी-शर्टवर वाद झाला, पण निदान जीन्स म्हणजे काय यावर दुमत नव्हते. गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, हे मात्र कोण कसे मोजणार? सांगलीच्या साहेबाला जो रंग गडद वाटेल तो नंदुरबारच्या साहेबाला नेहमीचा वाटेल. म्हणून लिहायचे ते सुटे, लोंबणारे, फुटणारे, टाचणी लावलेले, कोपराच्या खालचे, कॉलरच्या आत गेलेले, असे. हे दोन माणसे पाहतात तेव्हा दोघांना एकच दिसते.

तिसरी पायरी : मनाई आणि पर्याय एकाच वाक्यात लिहा

इथेच खरे काम आहे, आणि इथे कामगारांशी बोलल्याशिवाय लिहू नये. आमच्याकडे सगळ्यात अवघड गोष्ट निघाली ती काचेच्या बांगड्यांची. काच लोणच्यात जाता कामा नये, यावर बायकांचेही दुमत नव्हते. पण पाटीवर सुपरवायझरने खडूने लिहिले होते, "बांगड्या काढा". आपल्याकडे बांगडी फुटली तरी आपण "फुटली" म्हणत नाही, "वाढली" म्हणतो. नवरा गेला की हात रिकामे होतात, हे ज्या बाईने घरात पाहिले आहे तिला रोज सकाळी ती पाटी वाचायला लावणे क्रूर होते. ते लिहिणाऱ्याच्या ध्यानातही नव्हते.

तोडगा पॅकिंगमधल्या मावशींनीच सुचवला. घरून काचेच्या बांगड्या घालून यायचे, कपडे बदलायच्या खोलीत स्वतःच्या नावाच्या झाकणाच्या डब्यात उतरवून ठेवायच्या, आणि हात मोकळा नको वाटणाऱ्यांनी बिनसांध्याची, बिननक्षीची एक धातूची बांगडी घालायची. हात धुताना ती वर सरकवायची आणि मग एप्रनच्या लवचीक बाहीखाली घट्ट ठेवायची. शीख कामगाराच्या कड्यालाही तेच वाक्य लागू पडले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतही कोपराखाली हात उघडा हवा असा नियम आहे, आणि तिथेही कडे वर सरकवून पक्के करायला मुभा दिली आहे. लग्नाचा हिरवा चुडा उतरवायचा नसेल तर तेवढे दिवस बंद खोक्यांवर लेबल लावायचे काम, त्याच पगारात. "त्याच पगारात" हे दोन शब्द नियमात लिहून घ्यायला मला दोन बैठका लागल्या. ते नसते तर मुभा म्हणून दिलेली गोष्ट दंड ठरली असती.

मग आम्ही लिहिलेला नियम असा:

"उघडा माल असलेल्या विभागात (काच, केस व सुटे तुकडे मालात जाऊ नयेत म्हणून):

हातात कोपराखाली काचेचे, फुटणारे किंवा लोंबणारे काही नसावे. एक सपाट धातूची बांगडी किंवा कडे चालेल. हात धुताना ते वर सरकवावे व नंतर बाहीखाली झाकावे.

गळ्यातले जे काही असेल ते एप्रनच्या बंद कॉलरच्या आत असावे.

डोक्याचे सर्व केस झाकलेले असावेत. कारखान्याची जाळीची टोपी, किंवा तेवढेच केस झाकणारे इतर वस्त्र चालेल; ते रोज धुतलेले, टाचणीशिवाय आणि टोके आत खोचलेले असावे. दाढी असल्यास दाढीची जाळी लावावी.

कपाळावर चिकटवलेले किंवा झडणारे काही असल्यास टोपीची किंवा वस्त्राची पट्टी त्यावर ओढून घ्यावी."

गळ्याच्या ओळीत मंगळसूत्र, वारकऱ्याची माळ, ताईत, क्रूस, जानवे सगळे आले, आणि एकाचेही नाव घ्यावे लागले नाही. माळकरी माणूस माळ उतरवत नाही, आणि उतरवायची गरजही नव्हती. डोक्याच्या ओळीत पगडी आणि हिजाब दोन्ही बसतात. हिजाबात अडचण कापडाची नव्हती, टाचणीची होती. बिनटाचणीचे, डोक्यावरून ओढून घालायचे दोन हिजाब कारखान्यानेच एप्रनच्या रंगात शिवून दिले, जशा इतरांना टोप्या देतात तसेच. कपाळाची ओळ टिकलीमुळे आली. वाफेने टिकली सुटते आणि बरणीत सापडते. कोरडा बुक्का आणि कुंकूही झडते.

तीन गोष्टींना ही वाक्ये पुरत नाहीत, त्या वेगळ्या लिहा. एक कृपाण. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. ते म्यानात आणि कपड्याच्या आत बांधलेले असावे, एवढे लिहिले की झाले. दुसरी गोष्ट फाटकावरच्या ओळखीची. चेहरा झाकलेल्या बाईची ओळख बाई रखवालदाराने आडोशाला पटवावी. तिसरी गोष्ट यंत्राची. चालत्या यंत्राजवळ देखभाल करणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे हवेतच, तिथे सवलत देऊ नका. तिथे काही जमत नसेल तर काम बदलून द्यावे.

चौथी पायरी : अपवाद कोण, किती दिवसांत देणार

"व्यवस्थापनाच्या संमतीने" म्हणजे ज्याची ओळख त्याला मुभा. त्याऐवजी आम्ही लिहिले: "नियम पाळण्यात श्रद्धेमुळे किंवा प्रकृतीमुळे अडचण असेल तर कर्मचारी अधिकाऱ्याला तोंडी किंवा लेखी सांगावे. तीन कामाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळेल. नकार असल्यास नेमका धोका आणि तपासलेला पर्याय उत्तरात लिहिला जाईल. तोवर पगार कापला जाणार नाही." पुरावा मागायचा नाही. गुरुजींची, मौलवींची किंवा फादरची चिठ्ठी आणायला सांगू नका. एकाच घरातल्या दोन बहिणी वेगवेगळे पाळतात, आणि कोण खरे पाळते हे ठरवणे कारखान्याचे काम नाही. नोंदवहीत तारीख, विभाग, मागणी, निर्णय आणि कारण एवढेच रकाने ठेवा. धर्माचा किंवा जातीचा रकाना नको.

पाचवी पायरी : लावण्याआधी घासून पाहा

मी दहा चिठ्ठ्या केल्या. "दळण विभाग, गळ्यात काळा दोरा", "पॅकिंग, पगडी", "गोदाम, काचेच्या बांगड्या", "पॅकिंग, मनगटावर राखी" अशा. तीन सुपरवायझरांना वेगवेगळे बसवून चालेल की नाही ते लिहायला लावले. सात चिठ्ठ्यांवर तिघांचे एकमत झाले. राखीवर तीन उत्तरे आली, कारण आमच्या पहिल्या मसुद्यात "हातात दागिना नसावा" असे होते आणि राखी दागिना आहे की नाही यावर त्यांचे जमेना. "लोंबणारे" हा शब्द तिथूनच आला, आणि राखीचे गोंडे बाहीत गेले. काळ्या दोऱ्यावर एक जण म्हणाला, "तो नजरेचा असतो, राहू द्या." कॉलरच्या आत आहे का, एवढेच त्याने पाहायला हवे होते. म्हणजे त्या ठिकाणी वाक्य बरोबर होते, सुपरवायझरला शिकवणे बाकी होते. उत्तरे फुटली की आधी वाक्य तपासा, मग माणूस.

नियम लागल्यावर तीन महिन्यांनी नोंदवही उघडा. एकाच विभागातून नकार येत असतील तर तिथे जाऊन उभे राहा. आमच्याकडे दळण विभागातून एकही अर्ज नव्हता, आणि चौकशी केली तेव्हा कळले की तिथला सुपरवायझर अर्ज घेतच नव्हता. शिवाय कपडे बदलायच्या खोलीतली जुनी पाटी अजून तशीच होती. नवा नियम लावाल त्या दिवशी ती आधी उतरवा.