खान्यांतली अक्षरं जोडताना शेजारचा रकाना घुसतो? या चुका टाळा

सेतू केंद्रावर अर्जांचे मोबाइलवर काढलेले फोटो येतात आणि त्यांतली नावं, गावं, तालुके संगणकात भरायचे असतात. अर्जात एका खान्यात एक अक्षर लिहिलेलं असतं, म्हणजे वाचायला सगळ्यात सोपं असायला हवं. तरी ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ एकमेकांत मिसळतात. अक्षरं ओळखता येत नाहीत म्हणून हे फारसं होत नाही. कोणतं अक्षर कोणत्या खान्यातलं याची नोंद सुटते, तिथे गडबड होते.

अमरावती जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊ. अर्जाच्या एकाच ओळीत तालुक्यासाठी १५ खाने आहेत, मग ३ मिलिमीटरची मोकळी जागा, मग जिल्ह्यासाठी १२ खाने. प्रत्येक खाना ५ मिलिमीटर रुंद. अर्जदाराने तालुका लिहिलाय `CHANDUR RAILWAY`. सात अक्षरं, एक रिकामा खाना, सात अक्षरं, म्हणजे पंधराही खाने संपले. पुढे जिल्ह्यात `AMRAVATI`.

आता फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने ही ओळ सलग ओळ म्हणून वाचली तर काय होतं पाहा. `CHANDUR` नंतरचा रिकामा खाना ५ मिलिमीटरचा, आणि दोन रकान्यांमधली जागा ३ मिलिमीटरची. ‘जिथे जास्त अंतर तिथे नवा रकाना’ असा नियम धरला की तालुका होतो `CHANDUR` आणि जिल्हा होतो `RAILWAYAMRAVATI`. जिल्हा चुकलाय हे लगेच दिसतं. पण घाईत कुणी जिल्हा हाताने दुरुस्त करून पुढे गेलं, तर तालुका नुसता ‘चांदूर’ राहतो. याच जिल्ह्यात चांदूर रेल्वे आहे आणि चांदूर बाजारही आहे. अर्ज कुठल्या तहसीलचा ते आता संगणकातल्या नोंदीवरून कळणार नाही.

म्हणून पहिली चूक ही : अक्षरांमधल्या अंतरावरून रकाना ठरवणं. रकान्याची हद्द छापील अर्जावरून ठरते, लिहिणाऱ्याच्या हातावरून नाही. कोऱ्या अर्जावर पट्टी ठेवून प्रत्येक रकाना डाव्या कडेपासून कुठे सुरू होतो आणि त्यात किती खाने आहेत ते एकदाच मोजून ठेवा. आपल्या उदाहरणात तालुका ४० ते ११५ मिलिमीटर, जिल्हा ११८ ते १७८ मिलिमीटर. अर्जाचा नमुना बदलेपर्यंत हे माप चालतं. मात्र झेरॉक्सवर माप घेऊ नका. झेरॉक्समध्ये पान थोडं लहान-मोठं झालेलं असू शकतं. खान्याचं माप ५ ऐवजी ४.९ धरलं, तर पंधराव्या खान्यापर्यंत १.४ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे खान्याच्या पाव भागापेक्षा जास्त.

इथेच दुसरी चूक होते. मधली ३ मिलिमीटरची जागा विसरून सगळी ओळ २७ सलग खान्यांची धरली जाते. मग जिल्ह्याचा पहिला खाना ११८ ऐवजी ११५ वर सुरू होतो आणि १२० वर संपतो. खरा `A` ११८ ते १२३ मध्ये लिहिलेला असल्याने तो जवळपास मधोमध कापला जातो. तालुका स्वच्छ वाचला गेला आणि जिल्ह्यातली सगळी अक्षरं अर्धवट आली, की आधी हेच तपासा. प्रत्येक रकान्याची सुरुवात स्वतंत्र धरायची, मागच्या रकान्यावरून मोजत यायचं नाही.

हे माप फोटोवर बसवण्याआधी फोटो सरळ करावा लागतो. ए-४ पानाचे चारही कोपरे फोटोत हवेत. ते पकडून पान २१०० बाय २९७० पिक्सेलवर आणलं की १ मिलिमीटर म्हणजे १० पिक्सेल आणि हिशेब सोपा. मग मापाची जाळी फोटोवर रेखून ओळीतला पहिला आणि शेवटचा खाना डोळ्याने पाहायचा. दोन्हीकडे रेषा जुळली पण मध्ये सरकली, तर पान वाकलेलं आहे. पावसाळ्यात दमट झालेले किंवा खिशात चौघडी करून आणलेले अर्ज असेच येतात. चार कोपरे धरून केलेली दुरुस्ती सपाट पानालाच लागू पडते, घडीचा उंचवटा तिने जात नाही. तेव्हा पान काचेखाली दाबून फोटो पुन्हा काढणं हेच कमी वेळाचं काम.

खाना कापताना छापील रेषा आत घेतली तर ती `I` किंवा `1` म्हणून वाचली जाते. रिकाम्या खान्यांच्या रांगेत `IIII` दिसलं तर कारण हेच. उलट, रेषा टाळायला फार आत कापलं तर `L` ची खालची रेघ जाते आणि उरतो `I`. चारही बाजूंनी अर्धा मिलिमीटर सोडून बघा, आणि अक्षर रेषेला चिकटवून लिहिणाऱ्यांचे अर्ज वेगळे काढा. खाने लाल किंवा गुलाबी शाईत छापलेले असतील तर फोटोचा फक्त लाल चॅनेल घ्या. त्यात खान्यांच्या रेषा फिकट होतात आणि निळी-काळी शाई ठळक राहते. अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट हा प्रोग्राम वापरत असाल तर कापलेल्या एका खान्यासाठी `--psm 10` ठेवा, तो एकाच अक्षरासाठी आहे. पूर्ण ओळीचा `--psm 7` इथे दिला की पुन्हा अंतराचा खेळ सुरू होतो.

आता जोडणी. रिकामा खाना फेकून देऊ नका. तो जागेवर ठेवा, रकाना वेगळा करा आणि सगळ्यात शेवटी अक्षरं जोडा.

```python
def jod(khane):
    s = "".join(k or " " for k in khane)
    return " ".join(s.split())

taluka = jod(row[0:15])
jilha = jod(row[15:27])
```

`row` मध्ये २७ नोंदी असायलाच हव्यात, रिकाम्या खान्यासाठी `""` धरून. २६ आल्या तर कुठेतरी रिकामा खाना गळला आहे आणि पुढचं सगळं एक घर डावीकडे सरकलं आहे. तसंच, न कळलेलं अक्षर म्हणजे रिकामा खाना नव्हे. त्याला `?` द्या. नाहीतर `AMR?VATI` ऐवजी `AMR VATI` होतं आणि एका शब्दाचे दोन तुकडे पडतात.

एक अडचण मापाने सुटत नाही. `DHAMANGAON RAILWAY` ला १८ खाने लागतात आणि तालुक्याला १५ आहेत. काही जण उरलेलं `WAY` सरळ जिल्ह्याच्या खान्यांत लिहितात आणि मग `AMRAVATI`. इथे खाने अचूक वाचूनही जिल्हा `WAY AMRAVATI` असाच येणार. विदर्भात जिल्हे अकराच आहेत, त्यामुळे आलेला जिल्हा त्या यादीशी ताडून बघणं सोपं आहे. न जुळल्यास, आणि आधीच्या रकान्याचा शेवटचा खाना भरलेला असल्यास, बहुधा मजकूर सांडून पुढे आला आहे. असा अर्ज बाजूला काढून माणसाने मूळ फोटो पाहावा. संगणकाला यादीतलं सगळ्यात जवळचं नाव आपोआप बसवू देऊ नका : जिल्हा कदाचित बरोबर बसेल, पण तालुक्यात अर्धवट `CHANDUR` आलं असेल तर ‘बाजार’ की ‘रेल्वे’ हे तो अंदाजानेच ठरवेल. तिथे अर्जावरचा पिनकोड आणि गावाचं नाव पाहूनच निर्णय घ्यायचा, आणि तेवढ्यानेही कळलं नाही तर अर्जदाराला फोन करायचा.