एसएलएमधले ९९.९ टक्के नेमके किती?

सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या सेवा करारात (एसएलए) ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असं लिहिलेलं असतं. वरिष्ठांसाठी सारांश लिहिताना हा आकडा मिनिटांत मांडा. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात, म्हणजे सेवा सुमारे ४३ मिनिटं बंद राहिली तरी करार पाळला गेला असं धरतात.

त्यानंतर मोजणी दरमहा होते की तिमाहीला, ते शोधा. समजा, महिनाअखेरीला बिलिंग सलग दोन तास बंद पडलं. मासिक हिशेबात उपलब्धता ९९.७२ टक्के भरते, म्हणजे करार मोडला. तिमाही हिशेबात मात्र तेच दोन तास ९० दिवसांत विरघळतात, आकडा ९९.९१ होतो आणि पुरवठादार सहीसलामत सुटतो. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बहुतेक करारांत बंद वेळेत धरतच नाहीत, म्हणून तिची कमाल मर्यादाही सारांशात हवी.

भरपाईबद्दल फार आशा नको. मासिक शुल्क ५०,००० रुपये आणि सवलत १० टक्के असेल, तर पुढच्या बिलात ५,००० रुपये वजा होतील. बुडालेला धंदा त्यात येत नाही. शिवाय अनेक करारांत ही सवलत ठरावीक मुदतीत लेखी मागावी लागते, नाहीतर हक्क जातो. ती मुदत आणि मागणी कोण करणार त्याचं नाव सारांशात सगळ्यात वर लिहा.

‘एका तासात प्रतिसाद’ म्हणजे तासाभरात दुरुस्ती नव्हे. तक्रार मिळाल्याचा ईमेल आला, की ती अट पूर्ण होऊ शकते. दुरुस्तीची मुदत वेगळी दिलेली नसेल, तर तसं स्पष्ट नोंदवा.