सवलतीमुळे ग्राहक मिळवण्याचा खर्च किती महिने उशिरा वसूल होईल?

सवलत जाहीर करताना ती किमतीच्या टक्क्यांत मोजली जाते. मात्र सेवा पुरवण्याचा खर्च तेवढाच राहत असल्याने ती पूर्णपणे मार्जिनमधून जाते आणि वसुली अपेक्षेपेक्षा बरीच लांबते.

१. मासिक वर्गणीतून सर्व्हर, ग्राहकसेवा व पेमेंट शुल्क यांचा खर्च वजा करून पूर्ण दराचे मासिक मार्जिन काढावे. वर्गणी १०० आणि खर्च ४० असल्यास ते ६० होते. ग्राहक मिळवण्याचा खर्च ३६० असेल, तर वसुलीला ६ महिने लागतात.

२. एका ग्राहकाला दिलेल्या एकूण सवलतीला या मार्जिनने भागावे. पहिले ३ महिने ३० टक्के सवलत म्हणजे एकूण ९०. ९० भागिले ६० म्हणजे दीड महिना, म्हणून वसुली साडेसात महिन्यांवर जाते. हीच सवलत कायमची ठेवल्यास मार्जिन ३० उरते आणि कालावधी थेट १२ महिने होतो, म्हणजे ३० टक्क्यांची सवलत कालावधी दुप्पट करते.

सवलत ग्राहक मिळवण्याच्या खर्चात धरली, तर ती मार्जिनमधून पुन्हा वजा करू नये.

हे गणित सर्व ग्राहक टिकतात असे धरते. ३ महिन्यांची सवलत संपताच १०० पैकी २० जण निघून गेले, तर एकूण ३६,००० पैकी त्या ३ महिन्यांत वसूल झालेले ९,००० वजा जाता उरलेले २७,००० उर्वरित ८० जणांकडून दरमहा ४,८०० या गतीने वसूल होतात आणि कालावधी सुमारे ८.६ महिन्यांवर पोहोचतो; म्हणून सवलतीने आलेल्या ग्राहकांची गळती स्वतंत्रपणे मोजावी, एकत्रित सरासरीत ती दिसत नाही.