रेंको चार्ट लावायच्या आधीची तयारी: ब्रिक किती ठेवायची

रेंको चार्टमध्ये भाव ठरलेल्या अंतराएवढा हलला की एक नवी ब्रिक म्हणजे ठोकळा निघतो, क्रिप्टो कॉइनसाठी ते अंतर किती ठेवायचं ते बघू. सगळ्यात आधी ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवर सेटिंगमध्ये जाऊन बॉक्स साइजची, म्हणजे ब्रिकच्या आकाराची, पद्धत बघून घ्या, कारण तिथे एटीआर, म्हणजे अलीकडच्या कँडलमधली भावाची सरासरी हालचाल, निवडलेलं असेल तर एटीआर बदलला की मागच्या सगळ्या ब्रिक नव्याने मांडल्या जातात आणि काल दिसलेली हिरवी ब्रिक आज चार्टवर नसतेच. एटीआर आकडा ठरवायला वापरा, पण तो आकडा ट्रॅडिशनल मध्ये हाताने टाकून फिक्स करा. टाइमफ्रेमही तेव्हाच ठरवा. रेंकोत वेळेची अक्ष नसते हे खरं, पण ब्रिक क्लोजवर बनत असेल तर तो क्लोज कुठल्या कँडलचा हे महत्त्वाचं राहतंच. चार तासांची कँडल घेतलीत तर आपल्याकडे ती सकाळी साडेपाच, साडेनऊ, दुपारी दीड अशी बंद होते, तेव्हाच बघायचं, मधे मधे मोबाइल उघडून काही मिळत नाही.

आता साइज. समजा कॉइन 150 डॉलरला आहे आणि चार तासांच्या 14 कँडलचा एटीआर 3 च्या आसपास आहे, तर सुरुवात 3 ने करा, म्हणजे 2 टक्के. शेवटची हिरवी ब्रिक 153 ते 156 आहे असं धरा. वर नवी ब्रिक 159 ला, पण खाली लाल ब्रिक यायला भाव 150 ला यावा लागतो, 153 ला नाही, कारण उलट फिरायला दोन ब्रिकचं अंतर लागतं. मधल्या नऊ डॉलरमध्ये कॉइन कितीही नाचला, दोन तास नाचला की चार दिवस, चार्ट गप्प बसतो. नॉइज गाळला जातो तो इथेच, आणि त्याची किंमतही इथेच मोजावी लागते.

ती किंमत कागदावर काढा, चार्टवर नुसतं बघून कळत नाही. पहिल्या हिरव्या ब्रिकवर घेतलं आणि पहिल्या लाल ब्रिकवर विकलं, तर सलग जितक्या हिरव्या ब्रिक आल्या त्यातून 3 वजा करा, तेवढ्या ब्रिकचा नफा. एकच हिरवी आली तर दोन ब्रिकचा तोटा, दोन आल्या तर एकीचा, तीन आल्या तर हातात शून्य. म्हणजे छान रंगीत चार्ट दिसत असला तरी तीनच्या आतल्या सगळ्या चाली तोट्याच्या, हे स्क्रीनवर कधीच जाणवत नाही.

म्हणून मागचे दोन-तीन महिने उघडा, त्यात एक तरी साइडवेज पट्टा असू द्या आणि हिरव्या रांगा मोजा. समजा 3 डॉलरच्या ब्रिकवर 2, 6, 1, 4, 9 अशा रांगा निघाल्या, तर हिशोब -1, +3, -2, +1, +6, एकूण 7 ब्रिक म्हणजे कॉइनमागे 21 डॉलर. मग तेच 2 ला आणि 4.5 ला करून बघा. 2 ला ट्रेड भरपूर वाढले आणि एक-दोनच्या रांगांचा ढीग लागला तर ब्रिक लहान आहे. 4.5 ला दोनच ट्रेड निघाले तर त्यावरून काही ठरवू नका. आणि 3 ला भरपूर नफा पण 2.8 ला तोटा असं दिसलं तर तो नशिबाचा आकडा, सोडून द्या, शेजारच्या साइजलाही साधारण तसंच चित्र हवं.

भारतात स्पॉट करत असाल तर टॅक्स याच कागदावर धरा, नंतर नाही! तोटा नफ्यातून वजा होत नाही, म्हणून वरच्या उदाहरणात 30 टक्के लागतात ते 7 ब्रिकवर नाही, नफ्याच्या 10 ब्रिकवर, म्हणजे 30 डॉलरवर 9 डॉलर, सेस वेगळा. 21 चे 12 राहिले, त्यातून फी जाणार. शिवाय विकताना 1 टक्का टीडीएस, म्हणजे 150 वर दीड डॉलर, अर्धी ब्रिक रिटर्न भरेपर्यंत अडकली. लहान ब्रिक इथे सगळ्यात जास्त मार खाते.

क्वांटिटी ब्रिकवरूनच काढा: घेतल्यावर लगेच फिरलं तर दोन ब्रिक म्हणजे 6 डॉलर जाणार, 60 डॉलर घालवायची तयारी असेल तर 10 कॉइन, त्याहून कमी घेतलेले बरे, कारण कँडल एकदम 147 ला बंद झाली तर चार्ट 150 आणि 147 अशा दोन ब्रिक शांतपणे काढतो, तुम्हाला भाव मात्र 147 चाच मिळतो. याच कारणाने रेंकोवर चालवलेल्या बॅकटेस्टचे आकडे फार गोड येतात, तिथली खरेदी-विक्री ब्रिकच्या भावाला धरलेली असू शकते.

साध्या कँडलचा चार्ट शेजारी उघडाच ठेवा. 10 ऑक्टोबर 2025 च्या रात्री, आपल्याकडे 11 ची पहाट, कित्येक ऑल्टकॉइन काही मिनिटांत कोसळून बरेचसे वर आले, क्लोजवरच्या रेंकोत ती विक, म्हणजे कँडलची खालची लांब काडी, दिसतच नाही पण लिव्हरेजवाल्यांच्या पोझिशन तिथेच उडाल्या. फ्युचर्सवाल्यांनी फंडिंगही बघा, म्हणजे पोझिशन उघडी असेपर्यंत घेणारे आणि विकणारे यांच्यात ठरावीक वेळाने होणारी देवघेव, चार दिवस ब्रिक हलली नाही तरी ती चालूच राहते.

आणि कॉइन 300 ला गेला तर 3 ची ब्रिक 1 टक्क्याची होते, 75 ला आला तर 4 टक्क्यांची. म्हणून महिन्याच्या 1 तारखेला, हातात पोझिशन नसताना, एटीआर परत बघून आकडा बदला. पोझिशन चालू असेल तर ती संपेपर्यंत जुनीच ब्रिक.